धागा: काट्यांच्या जुन्या मीटरचा फोटो, एकाच फोटोची तीन रीडिंग

प्राजक्ता_सातारा · १ जुलै, सकाळी ६.४०

नमस्कार. साताऱ्यात यादोगोपाळ पेठेतल्या एका जुन्या वाड्यात वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. माझ्या दोन खोल्यांसाठी घरमालक काकांनी जुना पोटमीटर लावलेला आहे. सरळ आकडे सरकणारा नाही, छोट्या छोट्या घड्याळांसारख्या तबकड्या आणि काटे असलेला. महिन्याच्या शेवटी काका जिन्यातून फोटो काढतात, वहीत रीडिंग लिहितात आणि युनिटला ८ रुपये धरून पैसे सांगतात.

काल ३० जूनला संध्याकाळी सातच्या सुमारास त्यांनी फोटो काढून मला पाठवला. मे अखेरचं वहीतलं रीडिंग ६८५८ आहे. काका म्हणतात आता ७०९६, म्हणजे २३८ युनिट, १९०४ रुपये. माझं एकटीचं घर. फ्रिज, पंखे, सकाळी गीझर. आजवर दीडशेच्या वर कधी गेले नाही.

भावाला फोटो पाठवला. त्याने कुठेतरी वाचलं होतं की असे मीटर उजवीकडून वाचायचे. त्याने ६९०७ काढलं, म्हणजे फक्त ४९ युनिट. तेही मला पटत नाही.

फोटो चढवलाय, पण काच चमकते आहे, म्हणून शब्दांतही लिहिते. चार काळ्या तबकड्या कमानीसारख्या मांडलेल्या आहेत आणि खाली कोपऱ्यात एक लाल. डावीकडून पहिलीखाली १००० लिहिलंय, तिचा काटा बरोबर ७ वर. दुसरीखाली १००, काटा ० च्या किंचित पुढे. तिसरीखाली १०, काटा ९ आणि ० च्या मधे. चौथीखाली १, काटा ६ आणि ७ च्या मधे. लाल तबकडीखाली १/१०, काटा ३ वर.

काका चांगले आहेत, फसवणारे नाहीत. मला त्यांच्याशी भांडायचं नाही. बरोबर आकडा कसा काढायचा एवढंच हवंय.

---

कराडचा_पुष्कर · १ जुलै, सकाळी ७.१०

ताई, तुमचा फोटोच उलटा आलाय. नीट बघा, १०० आणि १ च्या तबकडीत आकडे घड्याळासारखे ०, १, २ असे उजवीकडे जातात. पण १००० आणि १० च्या तबकडीत ० च्या डावीकडे १ आहे. सेल्फी कॅमेऱ्याने काढला की असं होतं. फोटो आडवा पलटवा आणि मग वाचा.

---

गणितबाई · १ जुलै, सकाळी ७.३२

पुष्कर, फोटो आरशासारखा उलटा असता तर चारही तबकड्या उलट झाल्या असत्या, दोनच कशा होतील? शिवाय ७ चं तोंडसुद्धा फिरलं असतं. इथे प्रत्येक आकडा सरळ आहे. तुम्ही पलटवाल तर या दोन सरळ होतील आणि त्या दोन उलट.

तबकड्या आलटून पालटून उलट्या असतातच. आत दातेरी चाकं एकमेकांत अडकवलेली असतात. एक चाक उजवीकडे फिरलं की त्याला लागलेलं दुसरं डावीकडेच फिरणार. मुलांना मी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून दाखवते. म्हणून प्रत्येक तबकडीवर आधी ० च्या कुठल्या बाजूला १ आहे ते बघायचं. काटा त्या बाजूने फिरतो. कुठली उजवी, कुठली डावी हे पाठ करायची गरज नाही, कारण वेगळ्या बनावटीच्या मीटरवर ती सुरुवात वेगळी असू शकते.

भावाची चूक मला दिसते आहे. त्याने उजवीकडून ६, ९, ०, ७ वाचलं आणि त्याच क्रमाने कागदावर डावीकडून लिहिलं. वाचायचं उजवीकडून, पण पहिला वाचलेला आकडा एकं स्थानावर जायला हवा. तसं मांडलं की त्याचं रीडिंगही ७०९६ च होतं. म्हणजे काकांचंच उत्तर. तेव्हा ताई, मला वाटतं काका बरोबर असावेत.

---

कृष्णाकाठचा_शेतकरी · १ जुलै, सकाळी ७.५०

आमच्याकडं वाळव्यात विहिरीवरच्या मोटरीचं असंच झालं होतं. मीटरवर आकडा आला की त्याला गुणांक लावायचा असतो. आमच्या मीटरला सीटी आहे, म्हणजे मोठा करंट कमी करून मीटरला देणारा ट्रान्सफॉर्मर, त्यामुळं मीटरवरचा फरक गुणिले गुणांक असं युनिट येतं. ताईंनी गुणांक लावलाच नाही. तो बघा आधी.

---

प्राजक्ता_सातारा · १ जुलै, सकाळी ८.०५

दादा, मीटरच्या पाटीवर गुणांक वगैरे काही लिहिलेलं नाही. दोन खोल्यांचा साधा एक फेजचा मीटर आहे.

स्टुलावर चढून मी आत्ता सात वाजता समोरून, काट्यांच्या बरोबर पातळीवर मोबाइल धरून दुसरा फोटो काढलाय. चमक येऊ नये म्हणून दिवा बंद करून, खिडकीच्या उजेडात. गंमत म्हणजे यात १०० चा काटा ० च्या पुढे नाही, ० च्या केसभर अलीकडे आहे. बाकी १००० चा काटा ७ वरच. १० चा ० ला टेकत आलेला, पण ९ च्या बाजूला. १ चा ८ आणि ९ च्या मधे. लाल ६ वर.

रात्रीत काटा मागे कसा गेला?

---

कराडचा_पुष्कर · १ जुलै, सकाळी ८.२०

बाईंचं पटलं, उलट्या फोटोचं मी मागे घेतो.

पण आता नवीन फोटोवरून सांगतो. नियम असा आहे की काटा दोन आकड्यांच्या मधे असेल तर मागचा, म्हणजे ओलांडलेला आकडा घ्यायचा. ९ आणि ० च्या मधे असेल तर ९. तर १००० चा ७, १०० चा ९, १० चा ९, १ चा ८. रीडिंग ७९९८. वजा ६८५८ केलं तर ११४० युनिट!! ताई, मीटरच पळतोय, आधी तो बदलून घ्या.

---

सांगलीची_वहिनी · १ जुलै, सकाळी ८.४४

अहो एका बाईच्या घरात महिन्याला ११४० युनिट? गिरणी आहे का तिच्याकडे?

आमच्या पाण्याच्या मीटरवर पण अशा बारक्या तबकड्या आहेत, पण त्यातले सगळे काटे एकाच दिशेने फिरतात. त्यामुळे मी विजेच्या मीटरचंही तसंच समजून चालले होते. बाईंनी सांगितलं ते बरं झालं.

---

मीटरवाले_आबा · १ जुलै, सकाळी १०.१५

मी सांगली भागात मीटर तपासणीच्या कामावर आयुष्य काढलं. काट्यांचे मीटर मी नोकरीला लागलो तेव्हा भरपूर होते, आता असे वाड्यातच सापडतात.

प्राजक्ताताई, तुमचं रीडिंग काल संध्याकाळी ६९९६ होतं आणि आज सकाळी ६९९८. काकांचं ७०९६ चूक, पुष्कररावांचं ७९९८ ही चूक. दोघांनी चूक एकाच कारणाने केली आहे. काटा जिथे आकड्यावर आल्यासारखा दिसतो, तिथे त्यांनी त्याच तबकडीकडे बघून निर्णय घेतला. तो निर्णय त्या तबकडीचा नसतो, तिच्या उजवीकडच्या तबकडीचा असतो.

भिंतीवरचं घड्याळ डोळ्यांपुढे आणा. ११ वाजून ५५ मिनिटं झाली आहेत. तासकाटा कुठे दिसतो? जवळजवळ १२ वर. पण आपण बारा वाजले म्हणतो का? बाराला पाच कमी म्हणतो, कारण मिनिटकाटा अजून वर पोचलेला नाही. फक्त तासकाटा बघून वेळ सांगायची म्हटली तर तुम्ही त्याला बारा म्हणाल, आणि मग मिनिटकाटा ५५ दाखवतोय म्हणून १२.५५ सांगाल. तासाभराची चूक झाली. काकांनी नेमकं हेच केलंय, फक्त तासाऐवजी शंभर युनिटची. पुष्कररावांनी हजाराची केली.

म्हणून उजवीकडून सुरुवात करायची. उजवं आणि डावं म्हणतो ते फोटोतलं नव्हे, तबकडीखाली लिहिलेल्या आकड्यांवरून. फोटो आडवा चढला किंवा तबकड्या दोन ओळींत असल्या तर डोळा फसतो. सगळ्यात लहान किमतीची काळी तबकडी आधी, म्हणजे १ ची. लाल १/१० ची सोडून द्या, ती तपासणीसाठी असते, बिलात धरत नाहीत.

आता कालचा फोटो घेऊ. १ चा काटा ६ आणि ७ च्या मधे. ६ ओलांडलेत. कागदावर अगदी उजवीकडे ६ लिहा.

पुढे १० ची तबकडी. एकं ६ आहेत, म्हणजे दहाच्या काट्याने दोन आकड्यांमधल्या घरातलं सहा दशांश अंतर कापलेलं असायला पाहिजे. तो ९ आणि ० च्या मधे दिसतो, अर्ध्याच्या थोडा पुढे. जुळलं. ९ लिहा, ६ च्या डाव्या हाताला. झाले ९६.

आता १०० ची तबकडी, सगळी मेख इथे आहे. मागे ९६ झालेत, म्हणजे शंभराचा काटा पुढच्या आकड्याला पोचायला फक्त ४ शतांश घर बाकी आहे. तो कुठल्या तरी आकड्याला अगदी टेकत आलेला दिसणार. दिसतोय तो ० पाशी. म्हणजे ० ला येतोय, अजून आलेला नाही. मागचा आकडा ९. झाले ९९६.

तसंच १००० चं. मागे ९९६ झालेत, तर हजाराचा काटा पुढच्या आकड्याला नुसता चिकटल्यासारखा दिसणार. तो ७ वर दिसतो. म्हणजे ७ व्हायचेत, अजून ६ च. रीडिंग ६९९६.

आता उलट पडताळा घ्या, तो जास्त पटतो. समजा खरंच ७०९६ असते, तर शंभराचा काटा १ ला टेकत आला असता, ० पाशी नाही. ० पासून १ म्हणजे तबकडीचा दहावा भाग, ३६ अंश. फोटो कितीही वाकडा काढला तरी एवढा फरक पडत नाही. आणि ७९९८ असते तर हजाराचा काटा ८ ला चिकटला असता. तो ७ वर आहे. दोन्ही उत्तरं काटेच खोडून काढतात.

---

गणितबाई · १ जुलै, सकाळी १०.४०

आबा, माझीही चूक झाली. मी स्थानिक किंमत बरोबर मांडली, पण भावाचे आकडे न तपासताच घेतले. उजवीकडून का वाचायचं ते कारण आत्ता कळलं. नुसतं उजवीकडून वाचून उपयोग नाही, उजवीकडचा आकडा हातात घेऊन डावीकडच्याला विचारायचं.

पण प्राजक्ताचा प्रश्न राहिला. काल शंभराचा काटा ० च्या पुढे दिसला आणि आज मागे. खरा काटा तर मागे जात नसणार.

---

मीटरवाले_आबा · १ जुलै, सकाळी ११.०५

काटा मागे गेलेला नाही, काकांचा मोबाइल बाजूला होता. ताई, काका जिन्याच्या कुठल्या बाजूला उभे राहतात? मीटरच्या डावीकडे, बरोबर?

काटा तबकडीला चिकटलेला नसतो, थोडा वर उचललेला असतो. त्यामुळे डावीकडून बघितलं की काट्याचं टोक मागच्या आकड्यांवर उजवीकडे सरकलेलं दिसतं. शंभराची तबकडी तुमच्या मीटरवर घड्याळाच्या दिशेची आहे, ० वरच्या टोकाला. काटा ० च्या किंचित डावीकडे उभा होता. डावीकडून बघितल्यावर तो उजवीकडे सरकून ० च्या पलीकडे दिसला. काकांना जे दिसलं तेच त्यांनी लिहिलं, त्यांचा काही दोष नाही.

जिन्यात खालून काढलेल्या फोटोत टोक वर सरकतं. काटा सरळ वर किंवा सरळ खाली असेल तर त्याने वाचन बदलत नाही, कारण टोक आपल्याच रेषेत सरकतं. पण काटा २ ते ३ किंवा ७ ते ८ च्या जवळ, म्हणजे आडवा असला की खालून काढलेला फोटो फसवतो. तुम्ही आज समोरून काढला तसाच दर महिन्याला काढा.

एक विचारतो. ३१ मेचा फोटो आहे का? वहीतले ६८५८ मला खटकतात.

---

प्राजक्ता_सातारा · १ जुलै, दुपारी १.२०

हो, अगदी डावीकडेच उभे राहतात, तिथे जिन्याला वळण आहे.

मेचा फोटो मोबाइलमध्ये सापडला. तुमच्या पद्धतीने मीच वाचून बघते, चुकलं तर सांगा. १ चा काटा ८ च्या थोडा पुढे, म्हणून ८. मग १० च्या काट्याने आठ दशांश घर कापलेलं असायला हवं. तो ५ च्या जवळ दिसतो. आठ दशांश म्हणजे ५ ला पोचलेला नाही, म्हणून ४. झाले ४८. १०० चा काटा ८ आणि ९ च्या साधारण मधे, ४८ शी जुळतं, ८. झाले ८४८. १००० चा ७ कडे झुकलेला, ८४८ म्हणजे पुढच्याच्या जवळ पण पोचलेला नाही, ६.

६८४८. वहीत ६८५८ आहे. म्हणजे काकांनी मेमध्ये १० युनिट जास्त लिहिले होते का?

---

मीटरवाले_आबा · १ जुलै, दुपारी १.३५

अगदी बरोबर वाचलंत. ५ खरे असते तर एकंचा काटा ८ वर असताना दहाचा ६ च्या जवळ दिसला असता.

---

कराडचा_पुष्कर · १ जुलै, दुपारी २.००

मग जूनचे युनिट ६९९६ वजा ६८४८, म्हणजे १४८. पैसे ११८४. बरोबर ना?

---

सांगलीची_वहिनी · १ जुलै, दुपारी २.१८

पैसे १४८ चे कसे? मेमध्ये तिने ६८५८ पर्यंतचे पैसे भरलेत की. ते १० युनिट पुन्हा का भरायचे? आता ६९९६ वजा ६८५८, म्हणजे १३८ चे ११०४ द्यायचे.

---

मीटरवाले_आबा · १ जुलै, दुपारी ३.१०

दोघंही बरोबर आहात, प्रश्न वेगवेगळे आहेत. जूनमध्ये जळाले १४८. द्यायचे १३८ चे, कारण १० आधीच दिले. या मीटरचं एक बरं असतं, तो शून्यापासून सगळी बेरीज दाखवतो. एखाद्या महिन्यात चुकून जास्त वाचलं आणि पुढच्या महिन्यात बरोबर वाचलं की फरक आपोआप वळता होतो. म्हणून वहीतला जुना आकडा खोडू नका, तो तसाच राहू द्या, शेजारी नवीन बरोबर लिहा.

दर दोन्ही महिन्यांत ८ च होता म्हणून हे सोपं आहे. महावितरणच्या घरगुती बिलासारखे टप्पे असते, १०० पर्यंत एक दर आणि त्यापुढे ३०० पर्यंत जास्त, तर १० युनिट कुठल्या महिन्यात पडले त्याने पैसे बदलले असते.

---

कृष्णाकाठचा_शेतकरी · १ जुलै, दुपारी ३.३०

माझा गुणांकाचा मुद्दा इथं लागू नव्हता, आता कळलं. पण एक सुचतंय. काकांच्या मुख्य मीटरचं बिल येतच असणार. पोटमीटर त्याच्या पोटातच आहे. पूर्ण वाड्याचे युनिट किती आलेत ते विचारा. पोटमीटरचे त्याहून जास्त असूच शकत नाहीत.

---

प्राजक्ता_सातारा · १ जुलै, संध्याकाळी ५.५०

दादा, हे फार चांगलं सुचवलंत. काकांना विचारलं, त्यांनी लगेच बिल काढून दिलं. जूनमध्ये आलेलं बिल पूर्ण वाड्याचं २३१ युनिटचं आहे. माझे एकटीचे २३८ कसे, असं त्यांना स्वतःलाच वाटलं.

---

मीटरवाले_आबा · १ जुलै, संध्याकाळी ६.०५

मुद्दा चांगला आहे, पण बिलावर मागील आणि चालू रीडिंगची तारीख बघा. ती महिनाअखेरची नसणार.

---

प्राजक्ता_सातारा · १ जुलै, संध्याकाळी ६.१२

हो, १४ ते १४ तारीख आहे.

---

मीटरवाले_आबा · १ जुलै, संध्याकाळी ६.३०

मग त्यावरून शंका घेता येते, सिद्ध होत नाही. दोन वेगळ्या महिन्यांची तुलना होते ती.

पक्कं सिद्ध करायचं असेल तर आजचीच रात्र आहे. सकाळी सातला तुमचा मीटर ६९९८.६ होता. रोजच्या वापराने आज रात्री ७००० ओलांडणार. त्या वेळी एकं, दहं आणि शंभर, तिन्ही काटे एकाच वेळी ० वर येतात आणि हजाराचा ७ वर. काकांना स्टुलाजवळ बोलवा, पाच हजार शब्दांनी जे समजणार नाही ते दिसेल. ७०९६ खरे असते तर आज दहाचा काटा ० पाशी असताना शंभराचा १ वर उभा दिसेल.

फार वेळ ताटकळायचं नसेल तर बाकी सगळं बंद करून पाणी तापवायचा १००० वॉटचा रॉड बादलीत लावा. लाल काट्याचं एक घर म्हणजे दहावा भाग युनिट. १००० वॉटला ते ६ मिनिटांत सरकतं. इस्त्री नको, ती तापली की स्वतःच बंद-चालू होत राहते आणि हिशेब लागत नाही. रॉड लावल्यावर बादलीत हात घालू नका, आणि आधी बटण बंद करून मगच काढा.

---

प्राजक्ता_सातारा · १ जुलै, रात्री १०.३५

झालं! सगळं सांगते.

आठ वाजता बघितलं तर १ चा काटा ९ च्या बराच पुढे आणि लाल ७ वर. म्हणजे ६९९९.७. काकांना आणि काकूंना वर बोलावलं. फ्रिजसकट सगळं बंद केलं आणि रॉड लावला. लाल काट्याची तीन घरं बाकी होती. १८ मिनिटं लागायला हवी होती, २१ लागली. आठ वाजून एकवीस मिनिटांनी लाल ० वर आला आणि १ चा काटाही ० वर. त्याच वेळी दहाचा बरोबर ० वर, हजाराचा ७ वर. काका बॅटरी धरून उभे होते. ते एकदम म्हणाले, "अगं, मग काल ७०९६ कुठून असणार? आज तर सात हजार होतायत." मला काही बोलावंच लागलं नाही.

वहीत त्यांनी स्वतः ६९९६ लिहिलं आणि ११०४ घेतले. पुढच्या महिन्यापासून फोटो समोरून मी काढणार आणि आम्ही दोघं मिळून वाचणार असं ठरलंय. आत्ता दहा वाजता वाचलं, ७००१. १ चा काटा १ च्या पुढे.

दोन गोष्टी मात्र कळल्या नाहीत. एक, १८ ऐवजी २१ मिनिटं का? दोन, बाकीचे काटे ० वर आले तेव्हा शंभराचा काटा ० च्या केसभर अलीकडेच राहिला. आत्ता ७००१ असतानाही तो तिथेच आहे. मी समोरूनच बघितलं.

---

कराडचा_पुष्कर · १ जुलै, रात्री १०.५०

१८ ऐवजी २१ म्हणजे मीटर हळू आहे. ताईंचा फायदा, गप्प बसा :)

---

मीटरवाले_आबा · १ जुलै, रात्री ११.१०

नाही, असं म्हणता येणार नाही. रॉडवर १००० वॉट लिहिलेले असतात ते २३० व्होल्टला. व्होल्टेज कमी झालं की रॉडची ताकद त्याच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. २१३ व्होल्ट असेल तर तो साधारण ८६० वॉटच घेतो, आणि १८ मिनिटांची नेमकी २१ होतात. संध्याकाळी आठला पेठेत २१३ असणं सहज शक्य आहे. पण व्होल्टेज मोजलेलं नाही, आणि लाल काटा सुरुवातीला बरोबर ७ वर होता की थोडा अलीकडे हेही सांगता येत नाही. त्यामुळे मीटर हळू आहे की व्होल्टेज कमी, ते या एका प्रयोगावरून ठरत नाही. करायचंच असेल तर प्लगमध्ये मीटर लावून व्होल्टेज बघत, एकदोन घरं नव्हे तर लाल काट्याचा पूर्ण एक फेरा मोजा. रॉडवर तासाभराचं काम आहे, मधे पाणी उकळेल, मोठी बादली घ्या.

शंभराच्या काट्याबद्दल. जुन्या मीटरमध्ये दातेरी चाकांच्या दातांत थोडी ढिलाई येते, किंवा काटा आसावर जराशी जागा सोडतो. केसभराची चूक चालते, कारण शेवटचा शब्द उजवीकडच्या तबकडीचाच. आत्ता एकं आणि दहं मिळून ०१ दाखवतात, म्हणजे शंभराचा काटा नुकताच एखाद्या आकड्यावर आलेला असणार. तो ० जवळ आहे, म्हणून ०. ९ धरलंत तर हजाराचा पुन्हा गोंधळ होईल.

हा फरक वाढतो का ते मात्र बघत राहा. दहं आणि एकं ५० दाखवतील तेव्हा शंभराचा काटा घराच्या बरोबर मधे हवा. तो जर तेव्हा आकड्याला टेकलेला दिसला, तर काटा अर्धं घर सरकलाय आणि मग ही पद्धतही फसेल. तसं झालं तर फोटोवरून वाचणं थांबवून मीटर उघडायला लागेल.

---

सांगलीची_वहिनी · २ जुलै, सकाळी ७.२५

आबा, एक राहिलं. चारच काळ्या तबकड्या आहेत. ९९९९ नंतर सगळे काटे ० वर गेले की पुढच्या महिन्यात वजाबाकी उणे येईल की.

---

मीटरवाले_आबा · २ जुलै, सकाळी ८.००

त्या महिन्यात नवीन रीडिंगमध्ये १०,००० मिळवून मग वजा करायचं. मागचं ९९२० आणि नवीन ००६५ असेल तर १००६५ वजा ९९२०, १४५. महिन्याला दीडशेच्या हिशेबाने प्राजक्ताताईंना त्याला पावणेदोन वर्षं आहेत.

---

प्राजक्ता_सातारा · २ जुलै, सकाळी ८.२०

काकांच्या वहीच्या पहिल्या पानावर हे लिहून ठेवते. ७०५० ला शंभराचा काटा कुठे आहे त्याचा फोटो साधारण दहा दिवसांनी इथेच टाकीन.